‘ती’ म्हणजे कोण? ट्रान्सफॉर्मरमधलं अटेन्शन हाताने सोडवून बघू

ही दोन वाक्यं वाचा.

चिमणी फांदीवर बसली, कारण ती दमली होती.

चिमणी फांदीवर बसली, कारण ती मजबूत होती.

पहिल्या वाक्यातली ‘ती’ चिमणी आहे आणि दुसऱ्यातली फांदी, हे सांगायला आपल्याला क्षणभरही थांबावं लागत नाही. पण व्याकरणाची इथे काहीच मदत होत नाही. चिमणी स्त्रीलिंगी, फांदीही स्त्रीलिंगी, दोन्ही एकवचनी. ‘ती’ दोघींनाही चालते. निर्णय होतो तो ‘दमली’ आणि ‘मजबूत’ या शब्दांवर. दमते ती चिमणी. आणि बसायची जागा निवडताना मजबुती पाहिली जाते ती फांदीची. म्हणजे ‘ती’ वाचताना आपलं लक्ष वाक्यातल्या सगळ्या शब्दांवर सारखं नसतं. ‘कारण’वरून ते घसरतं, ‘दमली’वर थबकतं आणि तिथून मागे ‘चिमणी’कडे जातं.

ट्रान्सफॉर्मर ही मजकूर वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या एआय मॉडेलांची एक रचना. तिच्यातलं अटेन्शन हेच काम करतं, फक्त गुणाकार आणि बेरजांच्या भाषेत. हा लेख एवढ्या एका ‘ती’बद्दल आहे. कागद-पेन्सिल जवळ असेल तर उत्तम. गणित दहावीच्या पुढचं नाही. एका ठिकाणी कॅल्क्युलेटर लागेल.

पायरी १: शब्दाचे आकडे

मॉडेलला शब्द कळत नाहीत, आकड्यांची यादी कळते. प्रत्येक शब्दासाठी अशी एक यादी असते. तिला व्हेक्टर म्हणतात. खरं तर मॉडेल वाक्याचे तुकडे करतं ते शब्दांचे नव्हे, टोकनचे. ‘फांदीवर’चे ‘फांदी’ आणि ‘वर’ असे दोन तुकडे होऊ शकतात, किंवा आणखी विचित्र जागी तो तुटू शकतो. आपण सोयीसाठी एक शब्द म्हणजे एक टोकन धरू.

अडचण इथेच दिसते. ‘ती’चा सुरुवातीचा व्हेक्टर दोन्ही वाक्यांत अगदी सारखा असतो. तो कोशातून उचलल्यासारखा येतो, आजूबाजूला काय चाललंय याचा त्याला पत्ता नसतो. अटेन्शनचं काम म्हणजे या कोऱ्या ‘ती’ला शेजारच्या शब्दांकडून माहिती मिळवून देणं. काम झाल्यावर पहिल्या वाक्यातल्या ‘ती’चा व्हेक्टर चिमणीकडे झुकलेला असला पाहिजे आणि दुसऱ्यातल्या ‘ती’चा फांदीकडे.

पायरी २: एका शब्दाच्या तीन भूमिका

प्रत्येक शब्दाच्या व्हेक्टरपासून मॉडेल तीन नवे, सहसा छोटे व्हेक्टर तयार करतं. त्यांची नावं क्वेरी, की आणि व्हॅल्यू.

क्वेरी म्हणजे ‘मला काय हवंय’. की म्हणजे ‘माझ्याबद्दल जुळवून बघायचं असेल तर हे बघा’. व्हॅल्यू म्हणजे ‘मी जुळलो, तर माझ्याकडून हे घेऊन जा’.

की आणि व्हॅल्यू वेगळ्या कशाला, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाला पडतो आणि तो रास्त आहे. कारण साधं आहे: एखादा शब्द कशामुळे सापडला आणि सापडल्यावर त्याच्याकडून काय घ्यायचं, या दोन गोष्टी एक नाहीत. ‘ती’ला चिमणी सापडते ती ‘सजीव नाम’ म्हणून. पण सापडल्यावर ‘ती’ला ‘सजीव नाम’ एवढंच नको असतं; पक्षी, लहान, उडणारी असं सगळं हवं असतं.

हे तीन व्हेक्टर करायला तीन मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचे चौकोनी तक्ते, असतात. मूळ व्हेक्टरला एकीने गुणलं की क्वेरी, दुसरीने की, तिसरीने व्हॅल्यू. वाक्यातल्या सगळ्या शब्दांना त्याच तीन मॅट्रिक्स लागतात. ‘चिमणी’ला वेगळी आणि ‘ती’ला वेगळी असं नसतं. त्यांतले आकडे कुणी बसून ठरवत नाही. सुरुवातीला ते यादृच्छिक असतात. मॉडेल पुढचा किंवा झाकलेला शब्द ओळखायचा प्रयत्न करतं, चुकतं, आणि चूक कमी होईल अशा दिशेने हे आकडे थोडे थोडे सरकवले जातात. हे असंख्य वेळा होतं.

पायरी ३: जुळवून बघणं

आता खरे आकडे घेऊ. खरे म्हणजे आपण मांडलेले. खऱ्या मॉडेलमध्ये एकेका आकड्याला असा सुटसुटीत अर्थ नसतो, तिथे अर्थ अनेक आकड्यांत विखुरलेला असतो. समजण्यासाठी मात्र प्रत्येक व्हेक्टरमध्ये चार जागा आहेत असं धरू: पहिली ‘नाम’, दुसरी ‘क्रियापद’, तिसरी ‘सजीव’, चौथी ‘निर्जीव वस्तू किंवा जागा’.

पहिल्या वाक्यातल्या ‘ती’ची क्वेरी आहे (2, 0, 2, 0). म्हणजे तिला नाम हवंय, आणि ते सजीव हवंय. ‘सजीव हवंय’ हे तिला कुठून कळलं, हा प्रश्न मनात आला असेल तर तो धरून ठेवा. त्याच्याकडे पुढे येतो.

बाकीच्या शब्दांच्या की अशा. ‘कारण’ आणि ‘होती’ सोडून देतो, आणि ‘ती’ स्वतःकडेही बघू शकते तेही सोडतो, नाहीतर आकडेमोड उगाच लांबेल.

चिमणी: (2, 0, 2, 0)
फांदीवर: (2, 0, 0, 2)
बसली: (0, 2, 0, 1)
दमली: (0, 2, 1, 0)

जुळणी मोजायची रीत अशी: क्वेरीतला पहिला आकडा गुणिले कीमधला पहिला, दुसरा गुणिले दुसरा, असं चारही जागांचं करायचं आणि बेरीज घ्यायची. चिमणीसाठी 2×2 + 0×0 + 2×2 + 0×0, म्हणजे 8. फांदीवरसाठी फक्त ‘नाम’ जुळतं, म्हणून 4. बसलीसाठी 0. दमलीसाठी सजीवपणाचा धागा थोडा जुळतो, 2.

म्हणजे गुण 8, 4, 0, 2. चिमणी पुढे आहे हे दिसतंच आहे. पण ‘किती पुढे’ हे अजून ठरायचंय.

पायरी ४: गुणांचे हिस्से करणं

आपल्याला हवेत असे हिस्से, ज्यांची बेरीज बरोबर 1 होईल. 8 भागिले 14 असं सरळ का करत नाही? कारण जुळणीचे गुण ऋणही येऊ शकतात, आणि मग हिश्श्यांना अर्थ उरत नाही. म्हणून सॉफ्टमॅक्स वापरतात: e ही 2.718 च्या आसपासची ठरावीक संख्या घ्यायची, प्रत्येक गुण तिचा घातांक करायचा, म्हणजे सगळं धन होतं, आणि मग एकूण बेरजेने भागायचं.

त्याआधी एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. गुणांना की-व्हेक्टरच्या लांबीच्या वर्गमुळाने भागतात. आपली लांबी 4, वर्गमूळ 2. म्हणून गुण झाले 4, 2, 0, 1.

आता कॅल्क्युलेटर घ्या. e चा चौथा घात 54.60, दुसरा 7.39, शून्यावा 1, पहिला 2.72. बेरीज 65.71. भागून येणारे हिस्से:

चिमणी 0.83, फांदीवर 0.11, बसली 0.02, दमली 0.04.

‘ती’चं ८३ टक्के लक्ष चिमणीवर. हेच ते ‘अटेन्शन वेट’.

वर्गमुळाने भागलं नसतं तर? करूनच बघा. e चा आठवा घात 2981 च्या आसपास आहे, आणि चिमणीचा हिस्सा जवळपास 0.98 होतो. इथे उत्तर तसं बरोबरच वाटेल. पण खऱ्या मॉडेलमध्ये व्हेक्टर लांब असतात, लांब व्हेक्टरच्या गुणाकारांची बेरीज मोठी होते, आणि मग सॉफ्टमॅक्स जवळजवळ सगळा हिस्सा एकालाच देऊन टाकतो. असं शिकण्याच्या सुरुवातीलाच झालं तर पंचाईत: हिस्सा 1 ला चिकटला की आकडे जरा सरकवून काही फरकच पडत नाही, आणि फरक पडत नाही म्हणून मॉडेलला कुठल्या दिशेने सुधारायचं हे कळत नाही. २०१७ साली गूगलमधल्या संशोधकांनी ज्या शोधनिबंधात ट्रान्सफॉर्मर मांडला, त्यात की-व्हेक्टर 64 लांबीचे होते, म्हणून भागाकार 8 ने होता. कारणही त्यांनी हेच दिलं होतं.

पायरी ५: मिसळण

हिस्से मिळाले, आता माहिती उचलायची. व्हॅल्यूमध्ये आपण दोनच जागा ठेवू: पहिली ‘पक्षीपणा’, दुसरी ‘झाडपणा’. चिमणी (10, 0), फांदीवर (0, 10), बसली (1, 1), दमली (2, 0).

प्रत्येक व्हॅल्यूला तिच्या हिश्श्याने गुणून बेरीज करायची. पहिली जागा: 0.83×10 + 0.11×0 + 0.02×1 + 0.04×2, म्हणजे सुमारे 8.4. दुसरी जागा: मुख्यतः फांदीचे 0.11×10, म्हणजे सुमारे 1.1.

‘ती’ला मिळालं (8.4, 1.1). हे मूळ व्हेक्टरच्या मापाला आणून त्याच्यातच मिळवलं जातं. मूळ ‘ती’ पुसली जात नाही, तिच्यात भर पडते. आता ही ‘ती’ कोरी नाही, चिमणीच्या बाजूला झुकलेली आहे.

इथे वाचनाची उपमा थोडी तुटते, आणि ते लक्षात ठेवलेलं बरं. आपण ‘ती म्हणजे चिमणी’ असा निवाडा करतो. मॉडेल निवाडा करत नाही, मिश्रण करतं. फांदीचा अंश त्यात राहतोच, कारण सॉफ्टमॅक्स गणिताने कुणालाही पूर्ण शून्य देत नाही. दुसरं म्हणजे आपली नजर एका शब्दावरून दुसऱ्यावर जाते. इथे वाक्यातला प्रत्येक शब्द एकाच वेळी स्वतःची क्वेरी घेऊन बाकीच्यांकडे बघत असतो. ‘बसली’ आपला कर्ता शोधत असेल, ‘होती’ आपलं क्रियापद. सात शब्द, प्रत्येकाचे सात गुण, म्हणजे 49 गुणांचा तक्ता. हजार टोकनचा मजकूर असेल तर दहा लाख. लांब मजकूर मॉडेलला महाग पडतो त्याचं एक मोठं कारण हा तक्ता.

आत्तापर्यंत जे केलं ते सूत्रात एका ओळीत मावतं. Q, K, V म्हणजे सगळ्या क्वेरी, की आणि व्हॅल्यूंचे तक्ते, Kᵀ म्हणजे ओळींचे स्तंभ केलेला K, आणि d म्हणजे की-व्हेक्टरची लांबी:

```
softmax(Q Kᵀ / √d) V
```

आणि पायथॉनमध्ये ताडून बघायचं असेल तर:

```python
import numpy as np

q = np.array([2, 0, 2, 0])
K = np.array([[2,0,2,0], [2,0,0,2], [0,2,0,1], [0,2,1,0]])
V = np.array([[10,0], [0,10], [1,1], [2,0]])

s = K @ q / np.sqrt(4)
w = np.exp(s) / np.exp(s).sum()
print(w.round(2))        # [0.83 0.11 0.02 0.04]
print((w @ V).round(1))  # [8.4 1.1]
```

आता दुसरं वाक्य स्वतः सोडवा. ‘दमली’च्या जागी ‘मजबूत’, तिची की (0, 0, 0, 1). आणि ‘ती’ची क्वेरी आता (2, 0, 0, 2), म्हणजे निर्जीव वस्तूचं नाम हवंय. चिमणीचे गुण 4 वर येतील, फांदीचे 8 वर जातील. हिस्से साधारण चिमणी 0.11, फांदीवर 0.81, आणि उरलेल्या दोघांना 0.04 प्रत्येकी. पारडं फिरलं.

‘ती’ला काय शोधायचं हे कळलं कसं?

मघाचा प्रश्न. ‘ती’चा सुरुवातीचा व्हेक्टर दोन्ही वाक्यांत सारखा. मॅट्रिक्सही त्याच. मग एका वाक्यात क्वेरी (2, 0, 2, 0) आणि दुसऱ्यात (2, 0, 0, 2) कशी झाली?

मॉडेलमध्ये अटेन्शनच्या अशा फेऱ्या एकावर एक रचलेल्या असतात, एकेकीला लेअर म्हणतात. पहिल्याच फेरीत क्वेरी तशी होऊ शकत नाही. हे अनेक सोप्या लेखांत गाळलं जातं, आणि मग वाचणाऱ्याला वाटतं की अटेन्शनला वाक्याचा अर्थ आधीच माहीत असतो. आपण वर सोडवलं ते गणित पहिल्या लेअरचं नाही, त्याच्या वरच्या एखाद्या लेअरचं आहे. खालच्या लेअरमध्ये ‘ती’ला एवढंच ठाऊक असतं की मी सर्वनाम आहे, माझ्याबद्दल पुढे काहीतरी सांगितलेलं असणार. त्या क्वेरीने ती ‘दमली’शी जुळते आणि तिच्या व्हॅल्यूमधून ‘दमणारी, म्हणजे सजीव’ हा अंश घेते. आता तिचा व्हेक्टर बदलला. बदललेला व्हेक्टर वरच्या लेअरच्या क्वेरी-मॅट्रिक्समधून गेला की ‘सजीव नाम हवं’ अशी क्वेरी तयार होते.

म्हणजे आधी ‘दमली’, मग ‘चिमणी’. आपली नजर गेली त्याच क्रमाने, फक्त दोन लेअरमध्ये. खऱ्या मॉडेलमध्ये हे इतकं स्वच्छ दोन टप्प्यांत होईलच असं नाही. ते अनेक लेअरमध्ये पसरलेलं असू शकतं. २०१७ च्या मूळ रचनेत वाक्य वाचणाऱ्या भागात 6 लेअर होत्या आणि दर दोन अटेन्शनच्या मध्ये प्रत्येक शब्दावर स्वतंत्र काम करणारं एक छोटं न्यूरल नेटवर्कही होतं. ‘दमणारी म्हणजे सजीव’ यासारख्या पायऱ्यांत त्याचाही वाटा असतो.

एकाच वेळी अनेक नजरा

एका क्वेरीने एकाच प्रकारचा शोध नीट होतो. पण ‘बसली’ला कर्ता हवा असतो आणि जागाही हवी असते. एकाच हिश्श्यात दोन्ही कोंबले तर दोन्ही अर्धवट राहतात. म्हणून प्रत्येक लेअरमध्ये अशी अनेक अटेन्शन शेजारी शेजारी चालतात. एकेकाला हेड म्हणतात. प्रत्येक हेडच्या तीन मॅट्रिक्स स्वतःच्या. मूळ रचनेत 512 लांबीच्या व्हेक्टरवर 8 हेड, प्रत्येकाचे व्हेक्टर 64 लांबीचे. शेवटी आठांची उत्तरं एकापुढे एक जोडून एका मॅट्रिक्समधून काढतात. कुठल्या हेडने कर्ता बघायचा आणि कुठल्याने जागा, हे कुणी वाटून देत नाही. काही हेडचं काम माणसाला ओळखू येतं, बऱ्याच हेडचं येत नाही.

क्रम आणि मागेच बघण्याची अट

वरच्या गणितात शब्द कुठल्या जागी आहे हे कुठेच आलं नाही, हे लक्षात आलं का? ओळींचा क्रम उलटसुलट करा, ‘ती’चं उत्तर तेच येईल. म्हणून जागेची माहिती वेगळी द्यावी लागते: मूळ रचनेत ती साइन आणि कोसाइनच्या आकड्यांनी शब्दाच्या व्हेक्टरमध्येच मिळवली होती. ती विसरली तर मॉडेलला ‘वाघाने माणूस पाहिला’ आणि ‘माणूस पाहिला वाघाने’ यांत फरक करता येत नाही. मराठीत प्रत्ययांमुळे याने फारसं बिघडत नाही. पण ‘मुलीने घोडा नाही, हत्ती पाहिला’ मध्ये ‘नाही’ कुणाला लागू, हे जागेशिवाय कसं कळणार?

दुसरी अट जास्त मजेशीर आहे. बर्टसारखी मॉडेलं वाक्य दोन्ही दिशांनी बघतात, तिथे ‘ती’ पुढच्या ‘दमली’कडे पाहू शकते. आपली वरची सगळी गोष्ट तशा मॉडेलची. पण जीपीटीसारखी, एकेक शब्द पुढे लिहीत जाणारी मॉडेलं फक्त मागे बघतात. ‘ती’च्या जागी उभं राहिलं तर ‘दमली’ अजून आलेलीच नाही. तांत्रिक युक्ती छोटी आहे: सॉफ्टमॅक्सच्या आधी पुढच्या सगळ्या शब्दांच्या गुणांत उणे अनंत टाकायचं, म्हणजे त्यांचा हिस्सा शून्य होतो. याला मास्क म्हणतात.

मग अशा मॉडेलमध्ये ‘ती’चं कोडं सुटतं कुठे? ‘ती’च्या जागी सुटू शकतच नाही. ‘दमली’च्या जागी सुटतं. ‘दमली’ची क्वेरी मागे बघते, ‘ती’ला आणि ‘चिमणी’ला गाठते, आणि दमणारी कोण हे त्या जागेच्या व्हेक्टरमध्ये साठतं. ‘ती’चा स्वतःचा व्हेक्टर शेवटपर्यंत दुविधेतच राहतो. म्हणून जीपीटी-२ सारख्या मॉडेलच्या अटेन्शन वेटच्या तक्त्याचा रंगीत नकाशा काढून ‘ती’ची ओळ बघत बसलात, तर हाती काही लागणार नाही, ओळ बघायची ती ‘दमली’ची आणि तिच्या पुढची.

स्वतः करून बघताना कुठे फसतं

कोड लिहिताना सर्वांत जास्त दिसणारी गडबड म्हणजे सॉफ्टमॅक्स चुकीच्या दिशेने लावणं. तक्त्यात ओळ म्हणजे बघणारा शब्द आणि स्तंभ म्हणजे ज्याच्याकडे बघितलं तो. बेरीज 1 व्हायला हवी ती ओळीची. प्रोग्रॅम चुकीच्या दिशेनेही मुकाट चालतो, म्हणून ओळींच्या बेरजा छापून बघणं हा एकच खात्रीचा उपाय.

मास्क विसरला तर लक्षण उलटं असतं: सगळं संशयास्पद चांगलं चालतं. ट्रेनिंगमधली चूक झपाट्याने शून्याकडे जाते, कारण मॉडेल पुढचा शब्द ओळखत नसून सरळ बघून लिहितंय. मग मजकूर लिहायला सांगितला की बरळतं. तपासायचं असेल तर वाक्याचा शेवटचा शब्द बदला. आधीच्या जागांची उत्तरं तसूभरही हलता कामा नयेत.

आणि नकाशे. अटेन्शन वेटचे रंगीत चौकोन बघून ‘मॉडेलने यामुळे असं ठरवलं’ म्हणायचा मोह फार होतो. सावध राहा. हिश्श्यांची बेरीज 1 व्हायलाच हवी, त्यामुळे एखाद्या हेडला या वाक्यात काहीच शोधायचं नसलं तरी लक्ष कुठेतरी टाकावंच लागतं. बर्टमध्ये ते बरेचदा वाक्य संपल्याच्या खुणेवर, `[SEP]` वर टाकलेलं दिसतं. एकाच दिशेने लिहिणाऱ्या मॉडेलमध्ये पहिल्या टोकनवर. तिथला गडद रंग म्हणजे महत्त्व नव्हे. शिवाय हिस्सा मोठा असून व्हॅल्यू नगण्य असेल, तर प्रत्यक्षात काहीच उचललं जात नाही. नकाशात व्हॅल्यू दिसतच नाही. सगळ्या हेडची सरासरी काढलेले नकाशे तर मी बघतच नाही.

त्यापेक्षा शब्द बदलून बघा. ‘दमली’चं ‘मजबूत’ करा, बाकी वाक्य जसंच्या तसं ठेवा, आणि कुठल्या लेअरच्या कुठल्या हेडमध्ये हिस्सा चिमणीवरून फांदीवर सरकतो ते शोधा. सरकला, तर त्या हेडचा या कोड्याशी संबंध असू शकतो. मग तेच ‘भुकेली’, ‘वाकलेली’, ‘घाबरलेली’ घालून पुन्हा. दर वेळी तेच हेड सरकत असेल तर संशय पक्का होतो. एखाद्याच शब्दाला सरकलं, तर तो बहुधा योगायोग.